अलेक्झांड्रियाला भाव विचारताना

यवतमाळ जिल्ह्यात कापूस विकला जातो क्विंटलने आणि जिनिंगमधून निघालेल्या रुईचा सौदा होतो खंडीने. ही दोन मापे इथल्या व्यापाऱ्याच्या बोटांवर असतात. पण बारीक नंबरचे सूत काढायचे, तर ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याची रुई लागते आणि ती इथल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत सहसा पिकत नाही. मग जिल्ह्यातल्या एखाद्या सूतगिरणीला इजिप्तच्या ‘गिझा ९४’सारख्या वाणासाठी अलेक्झांड्रियातल्या पुरवठादाराला अरबीत मेल लिहावी लागू शकते. माझे म्हणणे असे, की त्या मेलचे यश अरबीच्या सफाईवर फार थोडे अवलंबून असते. भाव कशाचा आणि तारीख कुठली, हे विचारणाऱ्याने आधीच बांधून दिले आहे का, यावर सारे ठरते.

मेल पाच-सहा वाक्यांची पुरते. ‘तहिय्या तय्यिबा व बअद’ म्हणजे सदिच्छापूर्वक अभिवादन, की लगेच मुद्दा: ‘नर्जू तज्वीदना बि-अर्द सिअर’, म्हणजे कृपया आम्हाला दरपत्रक पाठवावे. त्यानंतर वाण, प्रत, धाग्याची लांबी आणि हवे असलेले वजन. मग भावाची अट, तारखेचे दोन प्रश्न आणि हा दर कोणत्या तारखेपर्यंत कायम राहील, हा शेवटचा प्रश्न. रुईचा बाजार रोज हलतो; मुदत न लिहिलेला दर म्हणजे नुसती बातमी, त्यावर सौदा बांधता येत नाही.

भावाचा घोळ मापात आहे. इजिप्तमध्ये रुईचा ‘कंतार’ ५० किलोचा, तर सरकीसह कापसाचा कंतार १५७.५ किलोचा. नाव एकच, माल वेगळा, वजन तिपटीहून अधिक. आपल्याकडे कापूस आणि रुई यांत जो फरक आपण बोलता बोलता करतो, तोच तिथे मापातही लपलेला आहे. निर्यातीचा दर मात्र बहुधा पौंडाला अमेरिकन सेंटमध्ये येतो. समजा उत्तरात १५० सेंट आले. आपली खंडी ३५५.६२ किलोची, म्हणजे सुमारे ७८४ पौंडांची. तेव्हा खंडीला ११७६ डॉलर. हा हिशेब मेल लिहिण्यापूर्वीच कागदावर मांडलेला असावा आणि मेलमध्ये ‘रुईचा दर, पौंडाला सेंटमध्ये, न्हावा शेवा बंदरापर्यंतच्या भाड्या-विम्यासह’ असे स्पष्ट मागावे. नाहीतर एक पुरवठादार अलेक्झांड्रियात जहाजावर चढवलेल्या मालाचा भाव सांगतो, दुसरा न्हावा शेव्यापर्यंतचा, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पहिल्याला स्वस्त म्हणतो.

तारखेचा घोळ याहून आत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत, भाडे आणि विमा विक्रेत्याकडे असला, तरी माल जहाजावर चढला की विक्रेत्याने तो ‘दिला’ असे धरतात. पुढची जोखीम खरेदीदाराची. म्हणून नुसती ‘डिलिव्हरीची तारीख’ विचारली, तर प्रामाणिक उत्तर अलेक्झांड्रियाचेच येईल. गिरणीला हवी असते ती गाठी दारात येण्याची तारीख. भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे बंदर, मग कस्टम, मग सहाशेहून अधिक किलोमीटरचा ट्रक. आणि तांबड्या समुद्रातला मार्ग अडला, तर जहाज आफ्रिकेला वळसा घालते. म्हणून ‘मौइद अश्-शहन’ म्हणजे लदाईची तारीख आणि ‘मौइद अल-वुसूल’ म्हणजे बंदरात पोचण्याची अपेक्षित तारीख, असे दोन प्रश्न वेगळ्या वाक्यांत विचारावेत.

उत्तर आल्यावरही डोळा फसतो. अरबी आकड्यांतला पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि तिथले शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यात उजवीकडून वाचायच्या ओळीत तिरप्या रेघांनी लिहिलेली तारीख काही पडद्यांवर उलटी दिसते. उपाय सोपा आहे: महिना अक्षरांत लिहावा, यनायिर, फिब्रायिर असा, आणि रक्कम आकड्यांबरोबर अक्षरांतही मागावी.

यावर कोणी म्हणेल, अलेक्झांड्रियाचे निर्यातदार इंग्रजी उत्तम जाणतात, मग अरबीचा हा खटाटोप कशाला? मोठ्या पेढ्यांपुरते ते खरे आहे, आणि करार इंग्रजीत असावा हेही मी मान्य करतो. पण भाव सांगणारा आणि गाठी मोजणारा हे दोघे बहुधा वेगळे असतात. अरबी मेल गोदामातल्या माणसापर्यंत जशीच्या तशी पोचते. मात्र मापाचा किंवा बंदराचा उल्लेख गाळला, तर कोणत्याही भाषेतली मेल तितकीच अपुरी. फोनवर पटकन विचारून घेऊ, हाही एक आक्षेप असतो. फोनवर सौदा जमतो, पण पुढे लदाई लांबली की दाखवायला हातात लेखी तारीख राहत नाही.

मेल पाठवण्याची वेळही पाहावी. इजिप्तमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची, आणि घड्याळ आपल्यामागे ऋतूनुसार अडीच किंवा साडेतीन तास. गुरुवारी रात्री यवतमाळहून गेलेली मेल बहुधा उघडेल रविवारी. तोवर दर बदललेला असू शकतो. सोमवारी दुपारी विचारलेला भाव त्याच दिवशी येण्याची शक्यता अधिक.