कपाळ गार, अंगात ताप

रात्री मूल कुडकुडत उठतं आणि अंगावर दुसरं पांघरूण मागतं. आई त्याचे हात चाचपते, ते बर्फासारखे गार. कपाळ म्हणावं तसं तापलेलं नाही. तरीही ती थर्मामीटर आणायला उठते, कारण हुडहुडी भरली म्हणजे ताप चढतोय हे तिला ठाऊक असतं. काखेत थर्मामीटर लावला की पारा १०१ च्या पुढे जातो. कातडी गार आणि आत ताप, ही अवस्था अर्धा तास टिकते, कधी त्याहून जास्त. नेमक्या त्या वेळात हे मूल विमानतळावरच्या थर्मल कॅमेऱ्यासमोरून गेलं असतं, तर कॅमेऱ्याने त्याला ‘नॉर्मल’ म्हणून पुढे सोडलं असतं.

या कॅमेऱ्यांशी आपली ओळख कोरोनाच्या काळात झाली. जानेवारी २०२० मध्ये मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथे चीनहून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परदेशातून येणाऱ्या सगळ्यांनाच ती लागू झाली. आशियातल्या अनेक विमानतळांवर मात्र हे कॅमेरे २००३ च्या सार्सच्या साथीपासून होते. पडद्यावर निळ्या-पिवळ्या-लाल रंगांत माणसांची रांग सरकताना दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की यंत्र थेट अंगातला ताप बघतंय. ते तसं नाही, आणि कॅमेऱ्याच्या हातून निसटणाऱ्या बहुतेक तापांचं मूळ याच गैरसमजात आहे.

आपली त्वचा सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण या कॅमेऱ्याला दिसतात. जागा जितकी उबदार, तितके किरण जास्त, आणि त्यांच्या मोजमापावरून कॅमेरा त्या जागेचं तापमान काढतो. पण हे तापमान फक्त पृष्ठभागाचं असतं. निरोगी माणसाच्या शरीरात ३७ अंश सेल्सियस असताना त्याचं कपाळ साधारण ३३ ते ३५ अंशांच्या दरम्यान असतं. मग यंत्र काय करतं? त्वचेच्या आकड्यात ठरावीक वाढ धरतं आणि शरीराचा अंदाजी आकडा दाखवतं. आत आणि बाहेर सगळ्यांचा, सगळ्या वेळी, सारखाच फरक असतो असं गृहीत धरून हा हिशेब चालतो.

ताप आला की हेच गृहीतक मोडतं. ताप चढवायचा म्हणून मेंदू शरीराला उष्णता राखून ठेवायला सांगतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळतं, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. आतलं तापमान वर जात असताना कातडी उलट गार पडते. पुढे ताप स्थिरावला की कातडीही तापते, आणि तेव्हा कॅमेऱ्याला तो सापडण्याची शक्यता चांगली असते. ताप उतरताना दरदरून घाम येतो, घाम वाळताना कपाळ गार करतो, आणि आकडा पुन्हा फसवा होतो. म्हणजे तापाच्या तीन टप्प्यांपैकी कॅमेऱ्याला खरी साथ देतो तो मधला.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. दुबईहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाला विमान उतरता उतरता हुडहुडी भरली. आत ३८.५ अंश, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत १०१ च्या वर ताप. विमानातल्या एसीत तीन तास बसून कपाळ आधीच थंड झालेलं, त्यात रक्तवाहिन्या आकसलेल्या, म्हणून कपाळाचं तापमान ३४.६. यंत्र त्यात २.६ मिळवतं आणि ३७.२ दाखवतं. मर्यादा ३७.५ वर लावलेली आहे, तेव्हा प्रवासी पुढे जातो. त्याच्या मागे एक तरुण आई आहे. कडेवर मूल, खांद्याला बॅग, उकाड्यातून भराभर चालत आल्यामुळे चेहरा लालबुंद. तिला ताप नाही, पण कपाळ ३५.६ वर गेलंय. यंत्र ३८.२ दाखवतं आणि तिला बाजूला घेतलं जातं. यंत्र बिघडलेलं नाही. दोन्ही कपाळं त्याने बरोबर मोजली.

म्हणूनच या कामासाठी जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत ती कपाळावर भर देत नाहीत. ती सांगतात की डोळ्याचा आतला कोपरा बघा, नाकाच्या मुळाशी अश्रू जमतात ती जागा. तिथली त्वचा पातळ आहे, आणि मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या फांद्या तिथे पृष्ठभागाजवळ येतात. थंडी-वाऱ्याचा परिणाम तिथे कपाळापेक्षा कमी होतो. पण ही जागा जेमतेम काही मिलिमीटरची. ती नीट टिपायची तर माणूस एकटा, स्थिर, कॅमेऱ्याकडे थेट बघत उभा हवा, आणि त्याच्या चेहऱ्याने चित्राचा मोठा भाग व्यापायला हवा. दहा मीटरवरून चालत्या गर्दीचं चित्र घेतलं तर डोळ्याचा कोपरा कॅमेऱ्याच्या एखाद्या बिंदूत मावतो. त्या बिंदूत कोपऱ्याची ऊब आणि शेजारच्या गार नाकाची थंडी एकत्र मिसळते, आणि आकडा खाली येतो.

त्यात चष्मा. आपल्याला आरपार दिसणारी काच या अवरक्त किरणांना भिंतीसारखी अडवते. थर्मल चित्रात चष्मा घातलेला माणूस डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन लावल्यासारखा दिसतो. कॅमेरा तेव्हा डोळ्याचा कोपरा मोजतच नाही, काचेचं तापमान मोजतो. मी जेव्हा जेव्हा अशा रांगेत उभा राहिलो, तेव्हा चष्मा काढा असं मला कुणी सांगितलं नाही. कपाळावरचे केस, टोपी, ओढणी, सगळं तसंच ठेवून लोक पुढे सरकत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सूचनांत तर मोजण्याआधी माणसाला साधारण पंधरा मिनिटं त्या खोलीत थांबू द्या, आणि खोली २० ते २४ अंशांवर ठेवा, असं म्हटलंय. त्यांच्या लेखी वाऱ्याचा झोत नको, ऊन नको, पाठीमागे तापलेला दिवाही नको. विमान उतरल्यावर पंधरा मिनिटं शांत थांबणारा प्रवासी कुठून आणायचा?

कॅमेऱ्याचा स्वतःचाही एक दोष आहे, आणि तो जाहिरातीत दिसत नाही. जाहिरात सांगते की हा कॅमेरा एका अंशाचा विसावा भाग ओळखतो. ते खरं असतं, पण ती दोन शेजारच्या जागांमधल्या फरकाची गोष्ट आहे. प्रत्यक्ष तापमान सांगण्यात हाच साधा कॅमेरा दोन अंशांनी चुकू शकतो. तराजू ग्रॅमभर फरकही दाखवतो, पण त्याला पासंग असेल तर सगळीच वजनं चुकतात, तसं हे आहे. आतला संवेदक स्वतःच तापत-निवत असतो, त्यामुळे सुरू केल्यानंतर तो स्थिरावायला बराच वेळ लागतो, आणि दिवसभरात आकडे सरकत राहतात. पासंग काढायला ‘ब्लॅकबॉडी’ लागते. ही एक छोटी पेटी असते, तिचा काळा पृष्ठभाग ठरावीक तापमानावर अगदी स्थिर ठेवलेला असतो. ती कॅमेऱ्याच्या नजरेत, चेहऱ्याइतक्याच अंतरावर ठेवली की यंत्र प्रत्येक चित्रात आपला आकडा तिच्याशी ताडून घेतं. पुढच्या वेळी थर्मल कॅमेऱ्यासमोरून जाताना चेहऱ्याच्या उंचीवर स्टँडला लावलेली अशी पेटी दिसते का, ते बघा. ती नसेल तर त्या पडद्यावरच्या दशांशावर विसंबू नका.

कोरोनाच्या काळात घाईघाईने बाजारात आलेल्या काही यंत्रांत याहून वाईट प्रकार सापडला. त्यांची आज्ञावली मधल्या आकड्यांना ३६ ते ३७ च्या आसपास ओढून आणत होती. निरोगी माणसांची रांग मग पडद्यावर फार नीटनेटकी दिसते, आणि तापलेला माणूसही तिच्यात मिसळून जातो.

एवढं सगळं सांभाळलं तरी मर्यादेचा आकडा कुठे लावायचा हा प्रश्न उरतो. धरून चाला की दहा हजार प्रवाशांत दहा जणांना ताप आहे. यंत्र तापवाल्यांतले सत्तर टक्के पकडतं आणि निरोगी लोकांतल्या ऐंशी टक्क्यांना बरोबर सोडतं. मग दहापैकी सात सापडतात, तीन निसटतात, आणि सुमारे दोन हजार निरोगी माणसं थांबवली जातात. प्रत्येकाला थर्मामीटर लावायला एक मिनिट धरलं तरी तेहतीस तासांचं काम. कुठलाही विमानतळ हे चालू देणार नाही. म्हणून मर्यादा वर सरकवली जाते, रांग मोकळी होते, आणि तीनाऐवजी पाच-सहा ताप निसटतात.

हे आकडे मी हवेतून घेतले नाहीत. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर हजारभर प्रवाशांचं कॅमेऱ्याचं मोजमाप काखेतल्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं गेलं. मर्यादा कुठे लावली यानुसार कॅमेऱ्याने निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत ताप ओळखले. पण त्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे तपासणीत स्वाइन फ्लू निश्चित झालेल्या नऊ प्रवाशांपैकी उतरताना ताप असलेले फक्त दोघे होते, आणि पाच जणांनी तापाची गोळी घेतलेली होती. पॅरासिटामॉल तासाभरात ताप उतरवतं आणि चार ते सहा तास टिकतं. एवढा वेळ दुबई-मुंबई प्रवासाला पुरून उरतो. गोळी घेणारा दर वेळी फसवायलाच निघालेला असतो असं नाही. डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय, घरी पोहोचायचंय, एवढंच त्याच्या मनात असतं.

आणि ज्याला आज संसर्ग झालाय पण ताप परवा येणार आहे, त्याच्या बाबतीत उत्तमातला उत्तम कॅमेराही काही करू शकत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये लायबेरियाच्या मन्रोव्हिया विमानतळावर एका प्रवाशाचं तापमान ९७.३ फॅरेनहाइट भरलं. ते मोजमाप बरोबरच होतं. तो अमेरिकेला पोहोचला, चार-पाच दिवसांनी आजारी पडला, आणि अमेरिकेत निदान झालेला इबोलाचा पहिला रुग्ण ठरला.

कोरोनात अमेरिकेने निवडक विमानतळांवर जानेवारीपासून सप्टेंबर २०२० पर्यंत ७ लाख ६६ हजार प्रवाशांना तापमान मोजून आणि लक्षणं विचारून तपासलं. त्यातल्या २९८ जणांना पुढच्या तपासणीसाठी बाजूला घेतलं, ३५ जणांची चाचणी केली, आणि कोरोना निघाला तो नऊ जणांना. १४ सप्टेंबरला ही तपासणी बंद करण्यात आली, आणि प्रवाशांना उतरल्यावर काय काळजी घ्यायची हे सांगण्यावर, लक्षणं दिसली तर त्यांच्याशी संपर्क होईल असे पत्ते-फोन घेऊन ठेवण्यावर भर देण्यात आला. आपल्या त्या दुबईहून आलेल्या प्रवाशाचा ताप असाच घरी सापडेल. मध्यरात्री अंग भाजायला लागेल, आणि घरातलं कुणीतरी थर्मामीटर शोधायला उठेल.