आधी विचारा, नेट लागणार आहे का?

मंडळी, आज एकाच प्रसंगाभोवती बोलणार आहे. गेल्या कार्यशाळेत एका बचत गटाच्या सचिवताई आल्या होत्या. गटाच्या पापड-लोणच्याच्या कामाचा आठ मिनिटांचा व्हिडिओ त्यांनी फोनवर काढला होता आणि तो सभागृहातल्या संगणकावर घ्यायचा होता. संगणकाला नेट नव्हतं, म्हणून ताईंनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, संगणक त्याला जोडला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून स्वतःलाच पाठवला. फोनवरून तो गेला. संगणकावर उतरायला लागला आणि अर्ध्यावर अडकला. त्यांच्या पॅकचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला होता.

हिशोब बघा. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी जागा घेतो, म्हणजे आठ मिनिटांचा झाला एक जीबी. तो एक जीबी ताईंच्या सिमवरून वर गेला. मग संगणकाने तोच व्हिडिओ खाली उतरवायला घेतला, तोही ताईंच्याच हॉटस्पॉटवरून, म्हणजे त्याच सिममधून. एकूण दोन जीबी लागणार होते, पॅक दीड जीबीचा. फोन आणि संगणक एकाच टेबलावर, आणि व्हिडिओ मात्र टॉवरवरून कुठल्या कुठे जाऊन परत येत होता.

म्हणून काहीही जोडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या कामाला नेट लागणार आहे, की नुसती एक फाइल इथून तिथे द्यायची आहे? फाइल समोरच्याच यंत्रात जायची असेल, तर एक पैशाचाही डेटा खर्च व्हायचं कारण नाही. तिथे ब्लूटूथ किंवा केबल. हॉटस्पॉट लागतो तो संगणकाला खरोखर नेट हवं असेल तेव्हा, उदाहरणार्थ ऑनलाइन अर्ज भरायचा असेल तर.

ब्लूटूथ म्हणजे दोन यंत्रांमधली जवळच्या जवळची बिनतारी जोडणी. एका खोलीत, साधारण दहा मीटरपर्यंत ती चांगली चालते. सिम, टॉवर, रिचार्ज काही लागत नाही. पहिल्यांदा जोडताना दोन्ही पडद्यांवर एक आकडा दिसतो. तो दोन्हीकडे सारखा आहे ना, हे वाचून मगच होकार द्या; बसस्थानकावर अनोळखी फोनची विनंती आली तर नकार द्या. ब्लूटूथची चाल मात्र बेताची. सातबाऱ्याची पीडीएफ काही सेकंदांत जाते, चार-पाच एमबीचा फोटो वीस-पंचवीस सेकंदांत. ताईंचा एक जीबीचा व्हिडिओ त्याच वेगाने पाठवला तर तासाहून जास्त वेळ लागेल, आणि मध्ये कुणी फोन घेऊन अंगणात गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. कानातले हेडफोन, भजनाचा स्पीकर, दुकानातला बिलाचा छोटा प्रिंटर, यांना इतकी चाल पुरते, म्हणून ते ब्लूटूथवरच असतात. एक अडचण लक्षात ठेवा: आयफोन आणि अँड्रॉइड फोन यांच्यात ब्लूटूथने फाइल जात नाही. मुलाचा आयफोन तुमचा फोटो घेत नसेल, तर तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आता हॉटस्पॉट. हॉटस्पॉट नेट तयार करत नाही, फोनला जेवढं मिळतंय तेवढंच वाटतो. इथे आपल्याकडे हमखास एक गोंधळ होतो. संगणकावर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. त्या रेघा सांगतात संगणक आणि तुमचा फोन यांच्यातली जोडणी किती चांगली आहे ते. फोन शेजारीच आहे, म्हणून रेघा भरलेल्या. टॉवरची रेंज बघायची ती फोनच्या पडद्यावर. तिथे एकच रेघ असेल, तर फोन खिडकीत ठेवा. संगणकावरची एखादी रेघ कमी होईल, पण नेट चालू लागेल.

दुसरी काळजी डेटाची. संगणक वायफायला जोडला की तो समजतो की भरपूर नेट आहे, आणि न विचारता स्वतःचे अपडेट उतरवायला लागतो. अर्ज भरेपर्यंत अर्धा पॅक संपतो. विंडोजच्या संगणकावर वायफायच्या सेटिंगमध्ये, तुमच्या हॉटस्पॉटच्या नावाखाली, `Metered connection` असं बटण आहे. ते चालू केलं की संगणक हात राखून नेट वापरतो. आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करा, नाहीतर फोन तापतो आणि बॅटरीही उतरते.

राहिली केबल. माझं मत विचाराल तर मोठ्या फाइलसाठी केबलसारखं दुसरं काही नाही. ताईंचा तोच व्हिडिओ आम्ही केबलने दिला. साध्या यूएसबी केबलने एक जीबी जायला मिनिटभर पुरतं, आणि डेटा शून्य. पण पहिल्या झटक्यात तेही जमलं नाही. केबल लावली, फोन चार्ज व्हायला लागला, पण संगणकावर फोन दिसेना. असं झालं की तीन गोष्टी याच क्रमाने बघायच्या.

पहिली, फोनचं कुलूप उघडा. फोन बंद पडद्याने जोडला तर संगणकाला आतलं काही दिसत नाही, फोल्डर रिकामं दिसतं. दुसरी, फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढा. तिथे यूएसबीने चार्जिंग चालू असल्याची सूचना असते. तिच्यावर बोट ठेवून `File transfer` निवडा, कारण फोन आपण सांगेपर्यंत फक्त चार्जिंग घेतो. मग संगणकावर फोनचं नाव येतं. त्यात `DCIM`, आणि त्याच्या आत `Camera` या फोल्डरमध्ये तुमचे फोटो आणि व्हिडिओ असतात.

ती सूचनाच येत नसेल, तर तिसरी गोष्ट: केबल बदलून बघा. साध्या यूएसबी केबलीत आत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल चार्जिंग अगदी नीट करते, म्हणून तिच्यावर कुणाला संशय येत नाही, आणि लोक फोन दुरुस्तीला नेतात. ताईंची केबल तशीच निघाली. शेजारच्या दादांची लावली आणि फोन लगेच दिसला.

केबलचा आणखी एक उपयोग आहे. फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच `USB tethering` असतं. ते चालू केलं की फोनचं नेट वायफायऐवजी तारेतून संगणकाला मिळतं आणि फोन चार्जही होत राहतो. ज्या जुन्या संगणकात वायफायच नाही, तिथे हाच मार्ग. डेटा मात्र याने वाचत नाही, तो सिममधूनच जातो. आणि अनोळखी ठिकाणच्या संगणकाला फोन लावावा लागलाच, तर `File transfer` निवडू नका, नुसतं चार्जिंगच राहू द्या.

पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या केबली पिशवीत घालून आणा. एकेक संगणकाला लावून बघू, आणि जी माहिती नेते तिला लाल दोरा बांधून ठेवू.