ताबापत्रावर सही करण्यापूर्वी

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांनी नागपूर, पुणे वा छत्रपती संभाजीनगर येथे आईवडिलांसाठी सदनिका घेतली आहे, किंवा घेण्याच्या विचारात आहेत. हप्ते भरले जातात, बांधकामाची छायाचित्रे येत राहतात आणि एके दिवशी बिल्डरचा ईमेल येतो: आपली सदनिका तयार आहे, पंधरा दिवसांत ताबा घ्यावा. पत्रासोबत एक छापील ताबापत्र असते. त्यातील एक वाक्य थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी आढळते. सदनिकेची पाहणी केली, बांधकाम, क्षेत्रफळ व सोयी यांबाबत पूर्ण समाधान झाले, यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही, असा त्याचा आशय असतो. या वाक्याखाली सही करायची की नाही, आणि करायची तर कशी, हाच या लेखाचा विषय आहे.

पाहणीच्या आधी एक कागद हाती हवा, तो म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यानुसार या प्रमाणपत्राशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये आणि ग्राहकाने घेऊही नये. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असे ठरवले की, हे प्रमाणपत्र न मिळवणे ही बिल्डरची सतत चालू राहणारी चूक आहे. ‘फर्निचरसाठी ताबा’ या गोड नावाखाली किल्ली देऊ केली जाते, तेव्हा प्रमाणपत्र बहुधा आलेले नसते. अशा वेळी ताबा नाकारणे पूर्णपणे योग्य आहे. प्रमाणपत्र आल्यानंतर मात्र चित्र बदलते. २०१६ च्या रेरा कायद्यातील कलम १९ नुसार त्यानंतर दोन महिन्यांत ताबा घेणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्रातील आदर्श करारनाम्यानुसार तर सूचना मिळाल्यापासून पंधरा दिवसांनी देखभालीचा खर्च ग्राहकाकडे येतो, मग किल्ली घेतलेली असो वा नसो. म्हणून किरकोळ दोषांसाठी ताबा अडवून धरण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. ताबा घ्यावा, पण दोष कागदावर आणून घ्यावा.

आमची सदनिका नागपूरच्या बेसा परिसरात, तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही न्यू जर्सीत असल्याने कुलमुखत्यारपत्र दादाच्या नावे केले. येथील नोटरीसमोर सही, त्यावर राज्य शासनाचे अपोस्टील, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क, असा त्याचा क्रम आहे. मसुद्यात आम्ही दोन गोष्टी मुद्दाम स्वतंत्रपणे लिहिल्या. पाहणी करणे, दोषांची यादी देणे आणि हक्क राखून ताबा घेणे, हे अधिकार दादाला असतील. कोणताही हक्क सोडण्याचा वा तडजोडीचा करार करण्याचा अधिकार नसेल. त्यामुळे साइट ऑफिसात कोणी दडपण आणले, तर ‘मला तो अधिकारच नाही’ असे दादाला खरेपणाने सांगता येणार होते.

पाहणी मे महिन्यात, नागपूरच्या सकाळी साडेनऊ वाजता सुरू झाली, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्र होती. आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. दादाजवळ खडू, मोजपट्टी, बादली, तीन पिनांचा सॉकेट टेस्टर आणि एक रुपयाचे नाणे होते. एकंदर एकतीस दोष नोंदले गेले. बरेचसे रंगाचे डाग, सैल कड्या आणि घासणारी दारे यांचे होते. ते छायाचित्रासह लिहून टाकावेत, त्यांवर वाद घालू नये. खरा वेळ द्यावा तो पाण्याला.

स्नानगृहात प्रथम बादलीभर पाणी ओतून पाहिले. उतार नीट असेल तर पाणी काही मिनिटांत नहाणी ट्रॅपकडे निघून जाते. आमच्याकडे ते कमोडच्या मागे साचून राहिले. हा दोष डोळ्यांना दिसतो. न दिसणाऱ्या दोषासाठी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवावे लागते आणि खालच्या मजल्यावरील छत पाहावे लागते. बिल्डरचा अभियंता म्हणाला, ‘ही चाचणी आम्ही आधीच केली आहे.’ दादाने शांतपणे विचारले, ‘तर मग पुन्हा एकदा करू या. खालच्या सदनिकेची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?’ दोन दिवसांनी खालच्या छतावर, सांडपाण्याचा पाइप स्लॅबमधून उतरतो तेथे, ओलसर वर्तुळ उमटले होते. पाइपभोवतीची पोकळी नीट भरली गेली नव्हती.

अशा गळतीवर दोन प्रकारचा इलाज होतो. फरशांच्या सांध्यांत पांढरा सिमेंट भरून देणे हा पहिला. तो दोन-तीन महिने टिकतो. पाइपाभोवतीच्या फरशा काढून, पोकळी भरून, वॉटरप्रूफिंगचा थर पुन्हा देऊन, फरशी बसवण्याआधी पाणी साठवून पाहणे हा दुसरा. आम्ही यादीत केवळ ‘गळती’ असे लिहिले नाही. ‘पाइपाभोवती स्लॅबमधून गळती, दुरुस्तीनंतर आमच्या उपस्थितीत अठ्ठेचाळीस तासांची चाचणी अपेक्षित’ असे लिहिले. दोष कोठे आहे आणि तो दूर झाला हे कसे ठरेल, या दोन्ही गोष्टी नोंदीत असल्या की पुढचा वाद पुष्कळ कमी होतो.

खिडक्यांचीही परीक्षा पाण्यानेच घ्यावी. उन्हाळ्यात घेतलेली सदनिका पावसाळ्यात कशी वागेल हे कोरड्या खिडकीकडे पाहून कळत नाही. दादाने बाल्कनीतून पाइपने शेजारच्या खिडकीवर दहा मिनिटे पाणी मारले. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी निघून जायचे असते. आमच्या दोन खिडक्यांची छिद्रे सिमेंटने बुजली होती आणि पाणी आत भिंतीवर उतरले. दुरुस्ती अर्ध्या तासाची, पण ती झाली नसती तर पहिल्याच पावसात गिलावा फुगला असता.

भेगांच्या बाबतीत घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. गिलाव्यावरील जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा सुकण्यातून येतात. त्या भरून रंगवता येतात. बीम आणि विटांची भिंत जेथे मिळतात तेथे सरळ आडवी भेग दिसली, तर सांध्यावर जाळी बसवलेली नाही असा संशय घ्यावा. तिच्यावर नुसती पुट्टी फिरवून भागत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी भेग अधिक लक्ष मागते. खुद्द कॉलम वा बीममध्ये भेग असेल तर स्वतंत्र संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. ती वाढते आहे की नाही हे महिन्याभराने भिंतच सांगते. फरशांवर नाणे वाजवून पाहावे. एखादा कोपरा पोकळ वाजला तर चालते. पूर्ण फरशी पोकळ वाजत असेल तर खडूने खूण करून ती बदलून मागावी, कारण वर जड कपाट आले की ती तडकते. सॉकेट टेस्टरने दोन खोल्यांत अर्थिंगच नसल्याचे दाखवले. ही नोंद आम्ही यादीत सर्वांत वर घेतली.

चौथ्या दिवशी साइट ऑफिसात सांगण्यात आले, ‘आधी ताबापत्रावर सही करा, दुरुस्त्या नंतर होतीलच.’ बाबांनाही वाटत होते की, बिल्डरला दुखवू नये, काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे आहे. त्यांची भीती निराधार नव्हती. तरीही यादी देणे म्हणजे भांडण नव्हे. येथे न्यू जर्सीत नवे घर घेताना बिल्डरचाच माणूस सोबत फिरून ‘पंच लिस्ट’ लिहून घेतो आणि दोन्ही बाजू सही करतात. दादाने छापील वाक्य खोडले आणि हाताने लिहिले: ‘सोबतच्या पाच पानी यादीतील दोषांच्या दुरुस्तीच्या अधीन राहून व सर्व कायदेशीर हक्क राखून ताबा स्वीकारला.’ खाली तारीख लिहिली आणि यादीच्या प्रत्येक पानावर सही केली. पोच मिळाली नाही, तेव्हा तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवला. खोडू देण्यासही कोणी नकार दिला, तर किल्ली घेण्यापूर्वीच असा ईमेल पाठवून ठेवावा.

ताबा घेतल्याने हक्क संपतो का? सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०२० चा निकाल येथे उपयोगी पडतो. बंगळुरूच्या एका प्रकल्पातील ३३९ ग्राहकांच्या वतीने विंग कमांडर अरिफुर रहमान खान व इतर यांनी डीएलएफ सदर्न होम्सविरुद्ध दाद मागितली होती. प्रश्न विलंबाचा होता. ताबा घेतला, खरेदीखत केले, म्हणून भरपाईचा दावा संपत नाही, दाव्यासाठी ग्राहकाने घर अनिश्चित काळ लांबवावे अशी अपेक्षा अवाजवी आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वार्षिक सहा टक्के दराने भरपाई दिली. परंतु त्यांतून अकरा जण वगळले गेले. त्यांनी बिल्डरशी स्वतंत्र तडजोडीचे करार केले होते. किल्ली घेणे आणि तडजोडीवर सही करणे यांतला फरक या अकरा जणांच्या वाट्याला आला. कुलमुखत्यारपत्रात आम्ही तडजोडीचा अधिकार वगळला तो याचसाठी.

दोषांसाठी रेरा कायद्याचे कलम १४ आहे. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील वा गुणवत्तेतील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. न केल्यास भरपाई मागता येते. म्हणजे ताब्याच्या दिवशी न दिसलेला दोषही गमावलेला नसतो. मग त्या दिवशी यादी कशासाठी? कारण तडकलेले बेसिन वा ओरखडलेली फरशी दोन महिन्यांनी दाखवली, तर ‘हे तुमच्या सामान हलवण्यात झाले’ असे उत्तर येते आणि ते खोडून काढणे कठीण जाते. शिवाय अनेक करारनाम्यांत असे कलम असते की, लेखी परवानगीशिवाय स्नानगृह वा स्वयंपाकघरात फेरफार केल्यास बिल्डरची जबाबदारी संपते. त्यामुळे गळतीची दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत आम्ही मॉड्युलर किचनचे काम सुरू होऊ दिले नाही.

एकतीसपैकी सव्वीस नोंदी पहिल्या महिन्यात मिटल्या. स्नानगृहाची चाचणी दुसऱ्यांदा अपयशी ठरली, तिसऱ्यांदा छत कोरडे राहिले. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, दादाने पुन्हा सर्व खोल्या पाहिल्या. दक्षिणेकडील भिंतीवर स्कर्टिंगलगत पांढरी क्षारांची रेघ आली होती. तिचे छायाचित्र, ताब्याची तारीख आणि कलम १४ चा उल्लेख असा तीन ओळींचा ईमेल त्याच आठवड्यात गेला.