सूत फुगतं, पडदा आखूड होतो

पडद्याच्या उरलेल्या सुती कापडाची वीस सेंटिमीटरची पट्टी कापा आणि तिच्यातून एक उभा धागा अलगद ओढून काढा. तो टेबलावर ठेवला की सरळ पडत नाही. सबंध लांबीभर बारीक लाटा दिसतात, जणू वेणी सोडल्यावरचा केस. आता दोन्ही टोकं धरून तो फक्त सरळ करा, ताणू नका, आणि पट्टी लावा. वीस सेंटिमीटरच्या कापडातून निघालेला धागा एकवीस भरतो, कधी त्याहूनही थोडा जास्त. तो पाण्यात बुडवून पुन्हा मोजला, तरी लांबी जवळजवळ तेवढीच राहते.

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बराच वेळ तो धागा हातात घेऊन बसले होते. कारण त्याच कापडाचा आमचा खादीचा पडदा धुतल्यावर चार इंच आखूड झाला होता. धागा आटलाच नसेल, तर ते चार इंच गेले कुठे?

ते त्या लाटांमध्ये गेले होते. कापडात उभे धागे, म्हणजे ताणा, आडव्या धाग्यांच्या, म्हणजे बाण्याच्या, एकदा वरून आणि एकदा खालून जातात. प्रत्येक आडवा धागा ही उभ्या धाग्याच्या वाटेतली एक छोटी टेकडी असते. आता कापूस पाण्यात काय करतो ते बघा. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी, अडीच-तीन सेंटिमीटर लांब आणि आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यातलं सेल्युलोज पाण्याला आत घेतं आणि तंतू फुगतो, पण फुगतो तो आडवा. जाडी साधारण पाचव्या हिश्शाने वाढते, लांबी मात्र शंभरात एखाद्या भागाने. तंतू जाड झाले की सूत जाड होतं, सूत जाड झालं की टेकड्या उंच होतात. तेवढ्याच लांबीच्या उभ्या धाग्याला जास्त चढउतार करावा लागतो, म्हणून तो आडव्या धाग्यांना एकमेकांजवळ ओढून घेतो. पावसात भिजलेल्या सुती दोरीची गाठ सुटता सुटत नाही, त्यामागेही हेच फुगणं असतं.

मग प्रश्न येतो की वाळल्यावर सूत पुन्हा बारीक होतं, तर पडदा पुन्हा लांब का होत नाही? कारण मागावर उभे धागे घट्ट ताणलेले असतात आणि कापड त्या ताणातच तयार होतं. भिजल्यावर तंतूंमधली पकड सैल होते, धागे तो ताण सोडून देतात आणि नव्या, जवळजवळच्या जागा घेतात. पाणी उडून गेलं की सेल्युलोजचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, आणि धागे ज्या जागी असतील तिथेच अडकून बसतात. माझ्या मते पडदे धुण्याची सगळी विद्या याच एका गोष्टीत आहे: कापड कुठल्या स्थितीत वाळलं, तीच त्याची नवी लांबी. उभे धागे जास्त ताणलेले असतात आणि पडद्यात ते बहुतेक वेळा वरून खाली जातात, म्हणून रुंदी फारशी बदलत नाही आणि उंचीच कमी होते.

गिरण्यांनी यावर एक सुंदर उपाय काढला. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 मध्ये अशा पद्धतीचं पेटंट घेतलं, जिच्यात ओलसर कापड जाड, लवचीक पट्ट्यावरून नेऊन लांबीच्या दिशेने यंत्रानेच दाबलं जातं. धुतल्यावर धाग्यांनी जे केलं असतं ते गिरणीतच करून टाकायचं. जुन्या कापडांच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा छाप असायचा, तो हाच. असं कापड धुतल्यावर शंभरात एखाद्या भागापेक्षा जास्त आटत नाही. खादी आणि हातमागाच्या कापडावर सहसा ही प्रक्रिया झालेली नसते, म्हणून ते तीन ते पाच टक्के सहज आटतं, कधी त्याहून जास्त. म्हणूनच पूर्वीचा शिंपी कापड आधी पाण्यातून काढून आणायला सांगायचा.

आमचे पडदे दोन होते. एकाच ताग्यातले, एकाच दिवशी शिवलेले, दोन्ही चौऱ्याऐंशी इंच. पहिला मी मशिनच्या ‘कॉटन’ प्रोग्रॅमवर लावला. नाव सुती कपड्यांचं, पण आमच्या मशिनवर तो आपोआप साठ अंशांचं पाणी, दीर्घ घुसळण आणि जोराचं पिळणं घेतो. चादरी-टॉवेलांसाठी ते ठीक आहे. वर मी त्याला ड्रायरमध्येही फिरवला. गरम हवेत, काहीही ताण नसताना, धागे हलत हलत शक्य तेवढे जवळ सरकले आणि तिथेच वाळले. पडदा निघाला तो ऐंशी इंचांचा.

दुसऱ्या पडद्याला मी नीट वेळ दिला. आधी तो रॉडवरून काढून गच्चीत झटकला, कारण पडद्यातली धूळ कोरडी असतानाच जाते; ओली झाली की तिचा चिखल होऊन विणीत बसतो. हुक काढले. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवली. आतल्या दुमडीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग लागतो का ते पाहिलं. आणखी एक तपासणी मी कधीच सोडत नाही: उन्हाच्या बाजूची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायची. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं सूत आतून कुजतं, दिसतं धडधाकट आणि पाण्यात गेलं की फाटतं. ओढताना कागदासारखा कुरकुर आवाज आला किंवा धागा तुटला, तर तो पडदा मशिनचा राहिलेला नसतो.

मग साध्या गार पाण्यात वीस मिनिटं भिजवला आणि ते मातकट पाणी टाकून दिलं. मशिनमध्ये तो एकटाच घातला, ड्रम जेमतेम अर्धा भरेल इतका. तीस अंश, नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, नेहमीच्या निम्मा द्रव साबण आणि पिळणं चारशे फेऱ्यांवर. गार पाण्यात सूत फुगत नाही असं नाही, फुगतंच. पण उष्णता आणि घुसळण नसली की धाग्यांना एकमेकांजवळ सरकायला फारशी संधी मिळत नाही.

खरी करामत पुढे असते. पडदा मशिनमधून काढल्याबरोबर मी आणि माझ्या जावेने दोन टोकांना उभं राहून तो लांबीत ओढला, साडी वाळत घालण्याआधी ओढतात तसा, हात बदलत बदलत, एकाच जागी जोर न लावता. सुती कापड ओलं असताना कोरड्यापेक्षा जास्त बळकट असतं, म्हणून हे निर्धास्त करता येतं. रेयॉनचं उलट असतं, ते ओलं झालं की कमकुवत होतं, त्याला असं कधी ओढू नये. मग हुक लावून ओलसर पडदा थेट त्याच्या रॉडवरच टांगला, खाली जुनी चादर अंथरली आणि पंखा लावला. पडद्यातलं पाणी हेच आता त्याचं वजन. ते हळूहळू खाली खेचत राहतं, लाटा सपाट होतात आणि रेणू एकमेकांना पुन्हा धरतात ते या ताणलेल्या स्थितीत. थोडा दमट असतानाच खाली उतरवून वरून खाली, उभ्या धाग्यांच्या दिशेने इस्त्री केली. रात्री मोजला तेव्हा साडेब्याऐंशी इंच. एकाच ताग्यातल्या दोन पडद्यांत अडीच इंचांचा फरक, आणि तो केवळ कसे धुतले आणि कुठल्या स्थितीत वाळले एवढ्यावरून.

पहिल्या पडद्याचंही थोडं सुधारलं. तो गार पाण्यात पुन्हा भिजवला, तसाच ओढला, टांगला, ओलसर असताना इस्त्री केली. दीड इंच परत मिळाला. उरलेल्यासाठी खालची दुमड उसवली. आत मूळ रंगाची पट्टी निघाली, ऊन न लागलेली, आणि तिच्याशेजारी बाकीचा पडदा किती विटला होता ते पहिल्यांदा कळलं. नवे पडदे शिवताना खाली दुहेरी दुमड ठेवायला मी आता नेहमी सांगते. पहिल्या धुण्यात बहुतेक आटणं उरकतं, पुढच्या दोन-तीन धुण्यांत थोडं थोडं, मग पडदा स्थिर होतो.

आमच्या बैठकीच्या पडद्याला मात्र मी घरी हात लावत नाही. तो नऊ फूट उंच आहे, जाड सुती मखमलीचा, मागे पॉलिएस्टरचं अस्तर, वरच्या चुण्यांमध्ये कडक बकरम. एकेक पडदा कोरडा चार किलोच्या आसपास. पूर्ण भिजला तर ते वजन दुपटीच्याही पुढे जातं, ते पिळताना मशिन धडधडतं आणि टांगलं तर रॉड वाकतो. पण वजन हे त्यातलं छोटं कारण आहे. मखमल सूत आहे, ती आटेल. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, ते तसंच राहील. मग पुढचं कापड वर चढतं, अस्तर खालून लोंबतं आणि शिलाईच्या रेषेवर सुरकुत्या येतात, ज्या कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. बकरम भिजलं की त्याची खळ सुटते. मखमलीचे उभे तंतू ओले असताना दाबले गेले की चट्टे कायमचे राहतात. पाठीमागे रबरासारखा थर दिलेले, उजेड पूर्ण अडवणारे पडदेही घरी पिळू नयेत. तो थर तडकतो.

ड्रायक्लीनिंग इथे का उपयोगी पडतं, हे मला फार उशिरा समजलं. तिथेही कापड द्रवात बुडतं, कोरडं राहत नाही. पण पर्क्लोरोइथिलीन किंवा पेट्रोलियमपासून काढलेला द्रव सेल्युलोजच्या आत शिरून त्याला फुगवू शकत नाही. तंतू जाड होत नाही, टेकड्या उंच होत नाहीत, उभा धागा आहे तिथेच राहतो. तेलकट मळ आणि स्वयंपाकघराचा धुराळा तो द्रव छान उचलतो. चहाचा डाग, ओल आल्याचे पिवळे ओघळ मात्र त्याने निघत नाहीत, ती पाण्यात विरघळणारी घाण असते. ते डाग कुठे आहेत आणि कशाचे आहेत हे आधी दाखवून सांगावं लागतं, म्हणजे तेवढ्यापुरतं वेगळं काम करता येतं.

पडदे देताना मी एकच गोष्ट स्पष्ट विचारते: हे द्रावकात जाणार की पाण्यात? कित्येक ठिकाणी पडदे ‘ड्रायक्लीन’ म्हणून घेतात आणि मागे पाण्यातच धुतात. सॅनफोराइज्ड साध्या सुती पडद्याला त्याने काही होत नाही, अस्तराच्या मखमलीचं नुकसान होतं. म्हणून उंची त्यांच्यासमोर मोजून पावतीवर लिहून घेते. मागच्या दिवाळीआधी एकशे आठ इंच लिहिले होते. पडदे परत आले तेव्हा प्लॅस्टिकमधून काढून दिवसभर गॅलरीत वाऱ्यावर ठेवले, वास गेल्यावर टांगले आणि टेप लावला. डावीकडे एकशे आठ, मध्ये एकशे आठ, उजवीकडेही तेवढेच.