हँडिकॅपचा भाव: स्कोअर नको, गोलफरक पुरे

गैरसमज: हँडिकॅपचा भाव काढायला ०-० पासून सगळ्या स्कोअरचे कोष्टक लागते.

हँडिकॅपचा निकाल फक्त गोलफरकावर लागतो. २-१ काय आणि ३-२ काय, पैजेला दोन्ही सारखेच. दोन पॉयसाँ संख्यांमधल्या फरकाचे वितरण जे. जी. स्केलम यांनी १९४६ मध्येच मांडले आहे. यजमानांचे सरासरी १.६ आणि पाहुण्यांचे १.१ गोल धरा. एक्सेलमध्ये एका ओळीत काम होते. `k` म्हणजे यजमानांची आघाडी:

```
=EXP(-2.7)*(1.6/1.1)^(k/2)*BESSELI(2*SQRT(1.6*1.1),ABS(k))
```

`k` शून्य ठेवला की बरोबरीची शक्यता २४.९ टक्के येते आणि एक ठेवला की २३.४. एकपासून आठपर्यंत बेरीज केली की यजमानांच्या विजयाचे ४९ टक्के मिळतात.

आता यजमान उणे १ ही रेषा घ्या. एका गोलाने जिंकले तर पैसे परत. दोन किंवा जास्त गोलांनी जिंकण्याची शक्यता २५.५ टक्के, पैज हरण्याची ५१. म्हणून रास्त भाव १ + ५१/२५.५, म्हणजे ३.००.

गैरसमज: उणे पाऊणचा भाव म्हणजे उणे अर्धा आणि उणे १ यांच्या भावांची सरासरी.

ही चूक थेट खिशाला लागते. उणे अर्ध्याचा भाव २.०४, उणे १ चा ३.००; सरासरी २.५२. पण उणे पाऊणमध्ये निम्मी रक्कम प्रत्येक रेषेवर असते. एका गोलाने जिंकल्यास निम्म्यावर नफा होतो, निम्मी रक्कम परत येते. म्हणून २५.५ मध्ये २३.४ चा अर्धा भाग मिळवायचा: ३७.२. मग १ + ५१/३७.२, म्हणजे २.३७. सरासरीने भाव देणारा दीर्घकाळात तोट्यात.

गैरसमज: दोन संघांचे गोल स्वतंत्र नसतात, म्हणून ही पद्धतच बाद.

सामना खुला झाला की दोघांचेही गोल वाढतात, हे खरे. पण असा दोघांत सारखाच मिळवलेला भाग वजाबाकीत उडून जातो. अट एकच: तो भाग सूत्रात भरण्याआधी काढायचा. तो ०.१ असेल तर १.५ आणि १.० घाला (२.७ च्या जागी २.५). सरासरी फरक अर्धा गोलच राहतो, बरोबरी मात्र २४.९ वरून २६ टक्क्यांवर जाते. तुमच्या अंदाजापेक्षा प्रत्यक्षात बरोबऱ्या सातत्याने जास्त होत असतील, तर आधी इथेच शोधा.

एकूण गोल किंवा दोन्ही संघांचे गोल यांवरच्या पैजांना मात्र हे सूत्र लावू नका. फरक एक आहे एवढ्यावरून १-० झाले की ४-३, ते कळत नाही.