दोन ओळींत दर, आणि दराची अटही

कापडाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानाचं शटर खाली ओढून झालं की मालक मोबाइल काढतो आणि टाइप करतो: billing software price. कुणी billing software free शोधतं, कुणी gst billing software price per year, तर कुणी सरळ मराठीत ‘बिलिंग सॉफ्टवेअर किंमत’. समोर येणाऱ्या यादीत प्रत्येक कंपनीच्या वाट्याला एक ठळक ओळ आणि तिच्याखाली दीड-दोन ओळींचा मजकूर एवढीच जागा असते. ठळक ओळ बहुतेक वेळा पानाच्या टायटलमधून येते. खालचा मजकूर कधी मेटा डिस्क्रिप्शनमधून येतो, तर कधी थेट पानावरच्या एखाद्या वाक्यातून. ही जागा कशी वापरावी, हे छोट्या सॉफ्टवेअर कंपनीनं नीट समजून घ्यायला हवं. दुकानदाराची पहिली फसगत इथेच होते आणि पहिला विश्वासही इथेच बसतो.

उदाहरणासाठी दोघातिघांनी मिळून काढलेलं एक सॉफ्टवेअर धरू. त्याचे तीन प्लॅन आहेत. मोफत प्लॅनमध्ये एका संगणकावर महिन्याला ५० बिलं करता येतात. दुसरा प्लॅन वर्षाला २,४०० रुपयांचा. त्यात एक दुकान, दोन वापरकर्ते आणि हवी तेवढी बिलं. तिसरा ४,८०० रुपयांचा, तीन दुकानांसाठी. तिन्ही व्यवस्थित प्लॅन आहेत, लपवावं असं त्यात काही नाही. तरी अशा सॉफ्टवेअरचं टायटल पुष्कळदा असं लिहिलं जातं:

```html
<title>मोफत बिलिंग सॉफ्टवेअर | फक्त ₹200 महिना</title>
```

यातलं एकही अक्षर खोटं म्हणून दाखवता येणार नाही. पण दिवसाला चाळीस बिलं करणाऱ्या किराणा दुकानाचा मोफत प्लॅन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपतो. ‘२०० रुपये महिना’ हा नुसता भागाकार आहे, कारण महिन्याला पैसे भरायची सोयच नाही. वर्षाचे २,४०० एकदम भरायचे आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४३२ रुपये. म्हणजे खिशातून जाणार २,८३२. दोनशेचा आकडा वाचून आलेल्या माणसाला पैसे भरायच्या वेळी जवळजवळ चौदा पट रक्कम दिसते. शेवटच्या पायरीपर्यंत खरी रक्कम न सांगण्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३मध्ये दिशाभूल करणाऱ्या तेरा ऑनलाइन युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत ही एक आहे.

जीएसटीचं इथे थोडं अधिक सांगायला हवं. नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला हे ४३२ रुपये साधारणपणे इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत धरता येतात. त्याच्या हिशेबानं सॉफ्टवेअर २,४००लाच पडतं. कॉम्पोझिशनमधल्या दुकानदाराला मात्र हे क्रेडिट मिळत नाही, आणि नोंदणीच नसलेल्यालाही नाही. छोटं बिलिंग सॉफ्टवेअर घेणाऱ्यांत असे लोक बरेच असतात. म्हणून शोधाच्या यादीत कराची रक्कम धरलेला आकडा द्यावा आणि पानावर दोन्ही आकडे शेजारी लिहावेत, असं माझं मत आहे. मग टायटल असं होतं:

```html
<title>बिलिंग सॉफ्टवेअर किंमत: मोफत 50 बिलं/महिना, पुढे ₹2,832/वर्ष</title>
<meta name="description" content="मोफत: महिन्याला 50 बिलं, 1 संगणक. दुकान प्लॅन ₹2,832/वर्ष जीएसटीसह: 1 दुकान, 2 वापरकर्ते, बिलं अमर्याद. 3 दुकानांना ₹5,664.">
```

शोधणाऱ्याचे शब्द, म्हणजे ‘बिलिंग सॉफ्टवेअर किंमत’, सर्वांत आधी आले. ‘मोफत’ हा शब्दही ठेवला, कारण तो प्लॅन खरोखर आहे. पण त्याची अट त्याला चिकटूनच आहे. कंपनीचं नाव टायटलमध्ये घातलं नाही, कारण गूगल साइटचं नाव हल्ली वर वेगळं दाखवतं. ओळ किती लांब असावी याची अक्षरांत ठरलेली मर्यादा नाही. पडद्यावर मावेल तेवढी दिसते, बाकीची कापली जाते. मराठीतले काने, मात्रे आणि जोडाक्षरं यांमुळे इंग्रजीसाठी सांगितलेली अक्षरसंख्या इथे भरवशाची नाही. ओळ फोनवर उघडून बघावी, आणि ती मध्येच तुटली तरी तुटलेला तुकडा खोटं बोलत नाही ना, एवढं तपासावं. दर पुढे आणि अट शेवटी असेल, तर कापली जाते ती अटच.

लोक सहसा विसरतात ती गोष्ट पुढची. आपण लिहिलेलं डिस्क्रिप्शन गूगल दाखवेलच असं नाही. शोधाला अधिक जुळणारं वाक्य पानावर सापडलं तर ते तिथून उचलतं. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘आजच मोफत सुरू करा, बिलांची चिंता सोडा’ असेल आणि ५०ची मर्यादा तळाशी चांदणीच्या खुणेजवळ बारीक अक्षरांत असेल, तर free शोधणाऱ्याला वरचं एकटं वाक्य दिसू शकतं. असं वाक्य उचलू नये म्हणून त्या भागाला `data-nosnippet` लावता येतं. पण तो ठिगळाचा मार्ग झाला. पानावरचं प्रत्येक दराचं वाक्य एकटं वाचलं तरी पुरं पडेल असं लिहिणं, हाच खरा उपाय: ‘मोफत प्लॅनमध्ये महिन्याला ५० बिलं, ५१व्या बिलाला दुकान प्लॅन घ्यावा लागतो.’

एक प्रश्न टायटलमध्ये मावत नाही, पण दर शोधणाऱ्याच्या मनात असतो. billing software lifetime price असं शोधणाऱ्याला एकदाच पैसे भरून मोकळं व्हायचं असतं. आपल्याकडे तसा प्लॅन नसेल तर ‘लाइफटाइम’ हा शब्द टायटलमध्ये घालू नये. पानावर मात्र स्पष्ट लिहावं की दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते न केल्यास जुन्या बिलांचं काय होतं. ही मर्यादा ५० बिलांहून मोठी आहे. जीएसटी कायद्यानं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. वर्ष संपल्यावर जुनी बिलं उघडतच नसतील, तर दुकानदाराला हिशेबासाठी त्याच सॉफ्टवेअरला पैसे भरत राहावे लागतील. जुनी बिलं वाचता येतात का, एक्सेलमध्ये उतरवून घेता येतात का, हे दराच्या तक्त्यातच हवं.

बदल केल्यावर सर्च कन्सोलमध्ये फक्त दराच्या पानाचे शोधशब्द काढून पाहावेत. free असलेल्या शोधांवरून येणारे क्लिक कमी झालेले दिसू शकतात. त्यावरून घाबरून जुनं टायटल परत लावू नये. त्याच्या जोडीला दुकानातून येणारे फोन मोजावेत: ‘फ्री म्हणालात ना, मग पैसे कसले?’ असं विचारणारे किती उरले, आणि ‘दोन काउंटर आहेत, कुठला प्लॅन घेऊ?’ असं विचारणारे किती वाढले. दर वाढवला तर टायटल, डिस्क्रिप्शन आणि तक्ता तिन्ही त्याच दिवशी बदलावेत आणि यूआरएल इन्स्पेक्शनमधून पान पुन्हा वाचण्याची विनंती टाकावी. यादीत जुना आकडा आणखी काही दिवस राहू शकतो. तेवढे दिवस कुणी तो दाखवून फोन केला, तर त्याला जुन्याच दरात सॉफ्टवेअर द्यावं.