‘एक विचारू का?’ आणि मग दुपार

सोलापुरातल्या एका कापड दुकानदाराने सकाळी आपल्या कर सल्लागाराला फोन लावला, असं धरून चालू.

‘नमस्कार सर, कामात नाही ना?’
‘नाही, बोला की.’
‘एक विचारायचं होतं. त्या इचलकरंजीच्या पार्टीचं बिल आलंय बघा, मागच्या महिन्याचं...’
‘हं.’
‘त्यावर आपला जीएसटी नंबर चुकलाय. ते आता रिटर्नला धरायचं का?’
‘नका धरू. आधी त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या.’

अर्ध्या मिनिटात काम झालं. त्यातला निम्मा वेळ प्रस्तावनेत गेला, पण तो वाया गेला असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही, आणि तो खरोखर वाया गेलाही नव्हता.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एमॅन्युएल शेग्लॉफ यांनी ध्वनिमुद्रित संभाषणं बारकाईने तपासून १९८०मध्ये नेमक्या याच सवयीवर एक निबंध लिहिला. ‘एक विचारू का?’ असं म्हणून माणूस बहुतेक वेळा लगेच प्रश्न विचारत नाही, पुढची दोन-तीन वाक्यं पार्श्वभूमी सांगतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे या वाक्याने परवानगी मागितल्यासारखी दिसत असली, तरी ते ऐकणाऱ्याला एक सूचना देत असतं : आता जे सांगतो ते अजून प्रश्न नव्हे, तेव्हा मध्येच उत्तर देऊ नका, प्रश्न मागून येतोय. ही सूचना मिळाली नसती, तर इचलकरंजीच्या बिलाचा उल्लेख होताच सल्लागाराने ‘बरं, मग?’ म्हणून अडवलं असतं. ती मिळाली म्हणून ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

प्रस्तावनेचं दुसरं काम दोघांची लाज राखण्याचं. ‘कामात नाही ना?’ या प्रश्नामुळे सल्लागाराला ‘जरा बाहेर आहे, तासाभराने करा’ म्हणायची वाट मोकळी राहते. दुकानदाराचा मूळ प्रश्न विचारलाच गेलेला नसतो, त्यामुळे तो नाकारलाही जात नाही. शिवाय ‘बोला’ हा शब्द कसा उच्चारला गेला, यावरून प्रश्न आता विचारावा की पुढे ढकलावा, हे दुकानदाराला कळतं.

हे सगळं परवडतं, कारण बोलताना पाळी बदलायला वेळच लागत नाही. जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. हो-नाही उत्तराचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात मोजलं होतं. ते सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत सावकाश, पण डॅनिश माणसंही सरासरी अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर देत होती. या हिशेबाने फोनवर प्रस्तावनेच्या तीन फेऱ्या झाल्या, तरी त्यांमधल्या थांबण्याचा वेळ फार तर सेकंद-दीड सेकंद होतो.

आता तोच दुकानदार, तेच सल्लागार आणि तोच प्रश्न, फक्त या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर. १० वाजून १० मिनिटांनी ‘नमस्कार सर’ जातो. सल्लागार दुसऱ्या कुणाच्या फायलीत गुंतलेले असतात. ते १० : ४०ला ‘नमस्कार’ लिहून पुन्हा फाइल उघडतात. ‘कामात आहात का?’ हा संदेश १० : ४१ला येतो, पण फोन तोवर उपडा ठेवलेला असतो. ११ : १५ला ‘बोला’ असं उत्तर जातं. तेव्हा दुकानात लग्नाच्या खरेदीची मंडळी बसलेली असतात. १२ वाजता दुकानदार लिहितो, ‘एका बिलाबद्दल विचारायचं होतं.’ साडेबाराला ‘कुठलं बिल?’ येतं. पाऊण वाजता अखेर खरा प्रश्न येतो, आणि सल्लागार जेवायला उठलेले असतात.

शब्द फोनइतकेच होते. फरक पडला तो प्रत्येक फेरीमागच्या थांब्याने. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये निरनिराळ्या माध्यमांतल्या संवादाचा खर्च मांडला होता. मजकूर तयार करण्याचा खर्च वेगळा आणि बोलणाऱ्याची पाळी बदलण्याचा खर्च वेगळा, असं त्यांनी सांगितलं. समोरासमोर आणि फोनवर पाळी बदलणं जवळजवळ फुकट असतं, लेखी देवघेवीत तेच महाग पडतं. चॅटमध्ये लांब वाक्य वाचायला चार सेकंद जास्त लागतात, पण एक जादा फेरी अर्धा तास खाऊ शकते.

दुसरा घोटाळा परवानगीच्या प्रश्नाचा. ‘संध्याकाळी मोकळे आहात का?’ हा प्रश्न फोनवर नकाराची सोय म्हणून येतो, चॅटमध्ये मात्र त्याचा सापळा होतो. ‘हो’ म्हटलं तर गळ्यात काय पडेल, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसतं आणि अंदाज बांधायला आवाजही नसतो. मग तो निळ्या खुणा उमटू देतो आणि उत्तर लांबवतो. गटात हे आणखी स्पष्ट दिसतं. ‘इथे कुणाला एक्सेल येतं का?’ असं विचारलं की चाळीसही जण गप्प राहतात. कारण ‘मला येतं’ म्हणणं म्हणजे न पाहिलेलं काम अंगावर घेणं. तेच ‘एका रकान्यातल्या तारखा मजकूर म्हणून आल्यात, त्या तारखा म्हणून कशा वाचायला लावायच्या?’ असं विचारलं तर ज्याला माहीत आहे तो दोन ओळींत सांगून मोकळा होतो.

याचा अर्थ आदर गाळायचा, असा नाही. पत्राच्या काळात मराठी माणसाने हा प्रश्न कधीच सोडवला होता. मायना, ‘सा. न. वि. वि.’, मग मजकूर, हे सगळं एकाच पाकिटात जायचं. नमस्कार एका टपालाने धाडून त्याचं उत्तर आल्यावर काम कळवायचं, असं कुणी केलं नाही. अर्जात तर मजकुराआधीच ‘विषय’ लिहायची पद्धत आहे. दुकानदाराचा संदेश त्याच वळणाने असा होतो : ‘नमस्कार सर. बिलावर आपला जीएसटी नंबर चुकलाय, ते या रिटर्नला धरायचं का? इचलकरंजीच्या पार्टीचं, मागच्या महिन्याचं बिल आहे, फोटो जोडलाय. सवडीने सांगा, रिटर्न २० तारखेला भरायचं आहे.’ नमस्कार आहे, सवड आहे, नकाराची वाटही आहे. प्रश्न सुरुवातीलाच असल्याने कुलूपबंद स्क्रीनवरच्या सूचनेतही तो दिसतो. संदेश तयार आहे की नाही, हे पाठवण्याआधीच ओळखता येतं : त्याला ‘बोला’खेरीज दुसरं काही उत्तर देता येत नसेल, तर तो अर्धाच आहे.

दोघंही त्याच क्षणी स्क्रीनसमोर असतील आणि उत्तरं लागोपाठ येत असतील, तर चॅट फोनच्या जवळ जातं आणि ‘एक विचारू का?’ तिथे खपून जातं. दुःखाची बातमी असेल तरी आधी चाहूल द्यावी लागते, पण ती फोनवर दिलेली बरी. अंतर वाढलं की मात्र हिशेब कडक होतो. कॅलिफोर्नियाचं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेबारा तास मागे असतं. पुण्याहून आईने दुपारी २ वाजता ‘वेळ आहे का रे, जरा बोलायचं होतं’ असं लिहिलं, तर तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. मुलगा सकाळी सातला ते वाचतो, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, आणि आई फोन उचलेपर्यंत त्याच्या डोक्यात इस्पितळापासून सगळं येऊन जातं. ‘सगळे बरे आहोत, सोसायटीच्या कागदावर तुझी सही हवी आहे, शनिवारी बोलू’ एवढं त्याच संदेशात असतं, तर तो सकाळी चहा पिता पिता ‘चालेल’ लिहून कामावर गेला असता.